मैदा, कणीक, बेसन: एकाच्या जागी दुसरं पीठ वजनाने घालताना

‘दोन वाट्या मैद्याच्या जागी दोन वाट्या बेसन घातलं, तर नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या.’ ‘मैद्याऐवजी कणीक घेतली, तर शंकरपाळे दगड झाले.’ फराळाचे दिवस आले की या दोन तक्रारी हमखास कानावर येतात, आणि दोन्ही वेळा दोष पिठावर जातो. खरी चूक बहुतेकदा त्याआधीच झालेली असते. वाटीच्या जागी वाटी घातल्यामुळे बेसनाचं प्रमाणच बदललेलं असतं, आणि कणीक ओलावा किती पिते ते बघितलेलं नसतं.

पीठ बदलायचं तर वजनाच्या जागी तेवढंच वजन घ्यावं. पण काम तिथे संपत नाही. वजन सारखं ठेवल्यावरही तिन्ही पिठं ओलावा वेगवेगळा पितात, वेगवेगळी धरतात आणि वेगवेगळ्या वेगाने तांबूस होतात. हे फरक कसे ओळखायचे आणि सावरायचे, ते नानकटाई हा एकच पदार्थ धरून पाहू. नानकटाईत पीठ, तूप आणि साखर एवढंच असतं, त्यामुळे पिठाचा स्वभाव लपत नाही. शेवटी लाटायच्या पिठासाठी शंकरपाळ्यांकडे वळू.

## १. आधीची तयारी

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागेल. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि मग त्यात पीठ घाला. चिमूटभर मीठ किंवा पाव चमचा सोडा अशा काट्यावर नीट मोजता येत नाही. ते चमच्यानेच घ्या.

तिन्ही पिठं चाळून घ्या, पण चाळण्याची कारणं वेगळी आहेत. बेसनात गुठळ्या असतात आणि त्या तुपात फुटत नाहीत, म्हणून ते बारीक चाळणीने चाळायचं. मैदा फक्त मोकळा करायचा असतो. कणकेच्या बाबतीत आधी ठरवा, की कोंडा ठेवायचा की काढायचा. बारीक चाळणीने चाळलीत तर कोंडा वर राहील आणि पीठ मैद्याच्या थोडं जवळ जाईल. अशा वेळी चाळल्यानंतर वजन करा, नाहीतर कोंड्याएवढं पीठ कमी पडेल.

गिरणीतून नुकतं आणलेलं गरम पीठ लगेच वापरू नका. ते ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम पिठात तूप वितळतं आणि पुढचे सगळे अंदाज चुकतात.

बेसन बारीक आहे की लाडवाचं भरड, तेही बघून घ्या. बोटांत चोळल्यावर रवा लागला तर ते भरड. नानकटाईत थोडं भरड बेसन चालतं, पण मैद्याचा गुळगुळीत पोत हवा असेल तर बारीकच घ्या.

सावधान: घरात कुणाला गव्हाचं पथ्य असेल आणि म्हणून बेसन वापरत असाल, तर गहू दळणाऱ्या गिरणीतून दळून आणलेलं बेसन चालणार नाही. त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. चाळणीही वेगळी ठेवा.

## २. वाटीचं माप एकदाच ग्रॅममध्ये आणा

आपल्या पाककृती वाटीच्या मापाने लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक घरची वाटी निराळी. म्हणून पुस्तकातला किंवा व्हिडिओतला आकडा न घेता स्वतःची वाटी मोजा. पीठ चमच्याने वाटीत सोडा, दाबू नका, ठोकू नका, वरून सुरीने सपाट करा आणि वजन करा. असं तीन वेळा करून मधला आकडा धरा.

२०० मिलिलिटरच्या वाटीत असा मोकळा भरलेला मैदा साधारण १०५ ग्रॅम बसतो. कणीक जवळपास तेवढीच बसते. चाळलेलं बेसन मात्र ८० ग्रॅमच्या आसपास भरतं, कारण ते फुगीर असतं आणि आत हवा धरतं. तीच वाटी डब्यात खुपसून भरली तर आकडा बराच वर जातो. म्हणून पद्धत बदलू नका.

आता सुरुवातीची तक्रार पुन्हा बघू. दोन वाट्या मैदा म्हणजे २१० ग्रॅम आणि दोन वाट्या बेसन म्हणजे १६० ग्रॅम. तूप दोन्हीकडे १२० ग्रॅम. मैद्याच्या नानकटाईत दर १०० ग्रॅम पिठामागे ५७ ग्रॅम तूप होतं, बेसनाच्या नानकटाईत ते ७५ ग्रॅम झालं. इतक्या तुपात कुठलंही पीठ पसरेल.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी पाककृतीतलं पीठ, तूप आणि साखर ग्रॅममध्ये लिहून काढा. यातला एक जरी आकडा वाटीतच राहिला, तर बिघाड कशामुळे झाला ते कळणार नाही.

## ३. पहिला घाणा मूळ पिठाचाच

बदल करण्याआधी मैद्याचा एक छोटा घाणा काढा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग पीठ बदललं म्हणून बिघडलं की ओव्हन जास्त तापला म्हणून, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रमाण असं: मैदा २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, साजूक तूप १२० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड.

तूप थिजलेलं पण मऊ हवं. बोट दाबलं तर खड्डा पडावा आणि तो तसाच राहावा. तूप आणि साखर पांढरट, हलकी होईपर्यंत फेटा. मैदा, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात घाला आणि बोटांच्या टोकांनी गोळा होईल इतपतच एकत्र करा, मळू नका. २० ग्रॅमचे गोळे तोलून घ्या, किंचित चपटे करा आणि १७० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये १५ ते १८ मिनिटं भाजा. खालची बाजू फिकट सोनेरी झाली की बाहेर काढा. वरून त्या पांढरटच दिसतील आणि गरम असताना मऊ लागतील. गार होताना त्या घट्ट होतात.

एक नानकटाई मोडून बघा. कडेला बारीक भेगा, आतला कण बारीक आणि एकसारखा, तोंडात टाकली की विरघळणारी. पुढचे सगळे बदल हिच्याशी ताडून बघायचे आहेत.

## ४. मैद्याच्या जागी कणीक

आधी अर्ध्यावर या: १०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम कणीक. बाकी काहीही बदलू नका.

कणकेत कोंडा असतो आणि कोंडा ओलावा शोषतो. शिवाय चक्कीच्या दगडांत दाबून दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण जास्त फुटतात आणि असे फुटलेले कणही जास्त ओलावा पितात. पोळीच्या कणकेला जेवढं पाणी लागतं तेवढं मैद्याला लागत नाही, त्यामागे हेच कारण आहे. नानकटाईत पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे हा फरक कोरडेपणा म्हणून जाणवतो. गोळा वळताना तडकतो आणि दाबला की कडा फाटतात.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे दूध घालणं. दुधाने गोळा लगेच जमतो खरा, पण दुधातल्या पाण्यामुळे गव्हातलं ग्लुटेन जागं होतं. वर हात लागला, थोडं मळलं गेलं, की नानकटाई खुसखुशीत न राहता कडक होते. म्हणून क्रम असा ठेवा:

१. गोळा झाकून २० ते ३० मिनिटं ठेवा. कोंडा तेवढ्यात मऊ होतो आणि पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

२. तरीही कडा फाटत असतील तर ५ ग्रॅम तूप घाला, बघा, लागलं तर आणखी ५ ग्रॅम घाला.

३. इतकं करूनही जमत नसेल तरच एक लहान चमचा दूध. ते घातल्यावर मात्र हात कमीत कमी लावा.

संपूर्ण २०० ग्रॅम कणीक घेतलीत तर विश्रांती टाळू नका, आणि तूप १३० ग्रॅमपर्यंत लागेल असं धरून चाला.

पोतात काय बदलतं? नानकटाई कमी पसरते, उंच राहते, भेगा रुंद पडतात. आतला कण जाडसर होतो. ती विरघळत नाही, आधी चावावी लागते आणि मग भुगा होतो. चव खमंग, किंचित गोडसर लागते. मला स्वतःला अर्ध्या कणकेची नानकटाई मैद्याच्या नानकटाईपेक्षा जास्त आवडते. पूर्ण कणकेची मात्र चांगल्या बिस्किटासारखी होते. तिच्याकडून मैद्याच्या पोताची अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल.

सावधान: कणकेचा रंग मुळातच तपकिरी असतो, त्यामुळे रंगावरून भाजणीचा अंदाज लागत नाही. १५ व्या मिनिटाला एक उचलून तिची खालची बाजू बघा. ती वरच्या बाजूपेक्षा एक छटा गडद दिसली की झालं.

## ५. मैद्याच्या जागी बेसन

इथे जरा थांबून वाचा, कारण बेसनाचं वागणं गव्हापेक्षा अगदी वेगळं आहे. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिनं गव्हाच्या जवळजवळ दुप्पट असतात, पण त्यांत ग्लुटेन नसतं. म्हणजे गोळा धरून ठेवणारी जाळी बेसनात बनतच नाही. पाणी लागलं तर बेसन चिकट होतं आणि तूप लागलं तर वाळूसारखं सुटं पडतं. नानकटाईत हेच आपल्या फायद्याचं आहे. जाळी नसली की कडकपणाही येत नाही. पण प्रमाण वाढलं की तीच नानकटाई हातात मोडते.

२०० पैकी ५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम मैदा. इथून सुरुवात करा. तूप आणि साखर तीच. पोत रवाळ होतो, नानकटाई मैद्यापेक्षाही लवकर विरघळते आणि डाळीचा खमंगपणा येतो. काही सावरावं लागत नाही. बेसनही कच्चंच घातलं तरी चालतं, कारण एवढ्या प्रमाणात त्याचा कच्चा वास भाजताना निघून जातो.

१०० ग्रॅम बेसन, १०० ग्रॅम मैदा. इथे गोळा मऊ आणि तुपकट वाटतो आणि लगेच आणखी पीठ घालावंसं वाटतं. घालू नका. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे तूप थिजेल. वळलेले गोळेही थंड असतानाच ओव्हनमध्ये जाऊ द्या. भाजून निघाल्यावर ताटलीवरच पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना उचलल्या तर मोडतात.

संपूर्ण २०० ग्रॅम बेसन. होतात, आणि फार सुंदर होतात, पण चार गोष्टी या क्रमानेच कराव्या लागतात.

पहिली गोष्ट, बेसन भाजणं. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, तूप न घालता सात-आठ मिनिटं भाजा. रंग बदलायला नको, फक्त कच्चा वास जाऊन खमंग वास सुटायला हवा. लाडवाइतकं भाजलंत तर ओव्हनमध्ये ते आणखी भाजलं जाऊन कडवट होईल.

दुसरी गोष्ट, गार करून मग वजन करणं. भाजताना पिठातला ओलावा उडतो आणि वजन घटतं. २०० ग्रॅम मोजून भाजलंत तर हातात २०० राहत नाही. म्हणून २२० ग्रॅम भाजा, पूर्ण गार झाल्यावर चाळा आणि मग त्यातलं २०० ग्रॅम तोलून घ्या.

तिसरी गोष्ट, तूप राखून ठेवणं. आधी १०० ग्रॅमच घाला. बेसन सुरुवातीला कोरडं वाटतं, पण दहा मिनिटांनी सैल पडतं. लाडवाचं बेसन भाजताना आधी घट्ट असतं आणि नंतर तूप सोडतं, त्याच जातीचा हा प्रकार आहे. म्हणून दहा मिनिटं थांबा, मग मुठीत दाबून बघा. गोळा टिकला तर तेवढंच पुरे. भुगा होत असेल तर उरलेलं तूप ५-५ ग्रॅमने घाला.

चौथी गोष्ट, आच कमी करणं. बेसनातल्या भरपूर प्रथिनांमुळे ते मैद्याहून लवकर तांबूस होतं. १७० अंशांवर बाहेरचा रंग येतो, पण आतून नानकटाई ओलसर राहते. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं द्या. कढईत भाजत असाल तर खालून आच जास्त लागते. नानकटायांच्या ताटलीखाली आणखी एक ताटली पालथी ठेवा.

तपासणी: बेसनाचा कुठलाही घाणा लावण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. ती फार पसरली तर बाकीचे गोळे आणखी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तरीही पसरत असेल तर गोळ्यात १० ग्रॅम बेसन मिसळा. नुसत्या एका नानकटाईवर हे कळतं आणि उरलेलं पीठ वाचतं.

## ६. पीठ लाटायचं असेल तर

नानकटाईत जाळीची गरज नव्हती. शंकरपाळ्यांत ती थोडी हवी, नाहीतर पोळी लाटताना फाटते आणि तेलात कडा सुटतात. म्हणून इथे बेसनाला मर्यादा आहे. १०० ग्रॅम पिठात २० ग्रॅमच्या वर बेसन नको. तेवढ्याने शंकरपाळे हलके आणि खुसखुशीत होतात. त्यापुढे ते तेलात विरायला लागतात, तेलही जास्त पितात.

कणकेच्या शंकरपाळ्यांचा घोटाळा वेगळा आहे. आपली जुनी रीत म्हणजे दूध, तूप, साखर समप्रमाणात गरम करून गार करायचं आणि त्यात ‘मावेल तेवढा’ मैदा घालायचा. म्हणजे ओलं ठरलेलं असतं आणि पिठाचं वजन ठरलेलं नसतं. इथे वजनाला वजन कसं घालणार?

त्यासाठी मैदा एकदा मोजूनच घाला. समजा दूध, तूप, साखर प्रत्येकी १०० ग्रॅम घेतलं. काट्यावर ४५० ग्रॅम मैदा काढून ठेवा, त्यातला लागेल तसा घाला आणि शेवटी उरलेला तोला. ४५० मधून उरलेलं वजा केलं की तुमचं खरं माप मिळालं. ते साधारण ३५० ग्रॅम आलं असं धरू.

आता ३५० ग्रॅम कणीक एकदम ओतू नका. कणीक ओलं जास्त पिते, त्यामुळे सगळी मावण्याआधीच गोळा घट्ट होतो. आधी ३०० ग्रॅम घाला, गोळा सैल दिसला तरी २० मिनिटं झाकून ठेवा आणि मग हात लावून बघा. बहुतेकदा तोवर तो आवळून येतो. उरलेली कणीक मग चमच्या-चमच्याने, हवी असेल तरच. ही वीस मिनिटं न थांबता सैल वाटला म्हणून सगळी कणीक घातली, की पुढे शंकरपाळे दगड होतात.

तपासणी: सुपारीएवढा गोळा लाटून बघा. कडेला बारीक चिरा पडल्या तर ठीक. चिरा आतपर्यंत गेल्या तर एक चमचा दूध हातावर घेऊन गोळ्याला लावा. पोळी लाटल्यावर मागे आक्रसत असेल तर मळणं जास्त झालं आहे, आणखी अर्धा तास झाकून ठेवण्याशिवाय त्यावर इलाज नाही.

## ७. बिघडलं तर कुठून शोधायचं

एकाच वेळी तीन गोष्टी बदलू नका. हाताशी असलेल्या घाण्यात या क्रमाने बघत जा.

पसरल्या: पहिली शंका वजनावर घ्या, पीठ वाटीने मोजलं होतं का? दुसरी तुपावर, ते पातळ होतं का? बेसन गरम होतं का? यातलं काहीच नसेल तर मगच तूप १० ग्रॅमने कमी करा.

कडक झाल्या: कणीक किंवा मैदा असेल तर दूध किंवा मळणं नडलं. निव्वळ बेसनाची नानकटाई कडक झाली तर ती जास्त भाजली गेली आहे, कारण बेसनाला मळण्याने कडकपणा येत नाही. या दोन कारणांत गल्लत झाली की पुढच्या वेळी नको तो उपाय होतो.

मोडतात, भुगा होतो: बेसनाचं प्रमाण जास्त, किंवा गरम असताना हलवल्या. पूर्ण गार झाल्यावरही भुगा होत असेल तर पुढच्या घाण्यात बेसनातलं ४० ग्रॅम मैद्याने किंवा कणकेने बदला. गहू अजिबात नको असेल तर गोळा वळण्याआधी दोन मिनिटं मुठीत घट्ट दाबून एकजीव करा.

घशात कोरडं लागतं, टाळ्याला चिकटतं: हे कच्च्या बेसनाचं लक्षण आहे. आधी भाजलं नसेल तर पुढच्या वेळी भाजा. भाजलं असूनही तसंच लागत असेल तर नानकटाई मधोमध मोडून बघा. मधला भाग कडेपेक्षा गडद आणि ओलसर दिसला तर त्याच घाण्याला १५० अंशांवर आणखी चार-पाच मिनिटं देता येतात. नानकटाया गार झालेल्या असल्या तरी चालतं.